हेक्टरी सेंद्रिय कर्बसाठा: तीस सेंटिमीटर खोलीत माती नेमकी किती?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काळ्या शेतात आम्ही ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी अशा दोन थरांतून माती घेतली. वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब ०.६८ आणि ०.५१ टक्के आला. प्रयोगशाळेच्या वहीत वरच्या थराचे रीडिंग १६.५ मिली आणि ब्लँक २० मिली आहे. घनतेची रिंग आतून ७ सेंमी व्यासाची आणि ७.५ सेंमी उंच आहे. ओव्हनमध्ये सुकवलेली माती ३७२ आणि ४०१ ग्रॅम भरली, त्यात चुनखडीचे खडे २६ आणि ४४ ग्रॅम निघाले. साधा गुणाकार केला तर हेक्टरी २३.८ टन कर्ब येतो, पण आमचे सर म्हणतात की १.३ ने गुणायला हवे, म्हणजे ३०.९ टन. कोणता आकडा धरायचा? तीन वर्षांनी याच शेतात पुन्हा मोजणी करायची आहे.

उत्तर: तुमच्या नोंदींवरून मला हेक्टरी सुमारे २३ टन मिळतात. म्हणजे तुमचा आकडा जवळजवळ बरोबर आहे, पण तो ज्या वाटेने आला ती वाट बरोबर नाही. त्यात दोन चुका आहेत, त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेच्या आहेत आणि योगायोगाने एकमेकींना झाकतात. दुसऱ्या शेतात त्या अशा झाकल्या जाणार नाहीत, म्हणून हिशेब पायरीपायरीने पुन्हा मांडतो.

आधी गुणाकारामागचा अर्थ पाहू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १५ सेंमी जाडीचा थर धरला तर त्याचे आकारमान १,५०० घनमीटर होते. एका घनमीटरात १.२ टन माती असेल तर त्या थरात १,८०० टन माती झाली, आणि तिच्यात कर्ब ०.७२ टक्के असेल तर १२.९६ टन कर्ब झाला. कर्बाचे टक्के, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये आणि जाडी सेंटिमीटरमध्ये घेतली, तर या तिन्हींचा नुसता गुणाकार (०.७२ × १.२ × १५) हेक्टरी टनांतच उत्तर देतो, वेगळा गुणक लागत नाही. अहवालात कर्ब टक्क्यांऐवजी ग्रॅम प्रति किलोमध्ये दिला असेल तर शेवटी १० ने भागायचे, एवढेच.

हा गुणाकार खरा ठरण्यासाठी एक अट मात्र पाळावी लागते. कर्बाची टक्केवारी ज्या मातीची आहे, त्याच मातीचे वजन घनतेत मोजलेले असले पाहिजे. प्रयोगशाळेत कर्ब मोजला जातो तो २ मिमीच्या चाळणीतून गेलेल्या बारीक मातीचा. तुमच्या रिंगमध्ये मात्र बारीक माती आणि खडे दोन्ही आहेत. तुम्ही बारीक मातीची टक्केवारी खड्यांसकट असलेल्या वजनाला लावली, म्हणजे चुनखडीच्या खड्यांतही ०.६८ टक्के सेंद्रिय कर्ब आहे असे धरले. ही पहिली चूक.

ती दुरुस्त करायला रिंगचे आकारमान हवे. व्यास ७ आणि उंची ७.५ सेंमी असेल तर ते २८८.६ घनसेंटिमीटर भरते. वरच्या थरात बारीक माती ३७२ वजा २६, म्हणजे ३४६ ग्रॅम, तिला २८८.६ ने भागले की १.२० मिळतात. खालच्या थरात ४०१ वजा ४४, म्हणजे ३५७ ग्रॅम, भागल्यावर १.२४. तुमच्या १.२९ आणि १.३९ च्या जागी हे दोन आकडे घ्यायचे. खडे वरच्या थरात वजनाने ७ टक्के आणि खालच्या थरात ११ टक्के आहेत, त्यामुळे साठा वरच्या थरात साडेसात आणि खालच्या थरात सुमारे १२ टक्क्यांनी फुगला होता.

इथे बरेच जण दोनदा वजाबाकी करतात, म्हणून जरा थांबतो. काही पुस्तकांत बारीक मातीची घनता काढताना रिंगच्या आकारमानातून खड्यांचे आकारमान वजा करतात आणि मग साठ्याच्या सूत्रात 'एक वजा खड्यांचा आकारमानातला वाटा' हा गुणक घालतात. तीही रीत बरोबर आहे आणि उत्तर तेच येते. खालच्या थरातले ४४ ग्रॅम खडे घनता २.५ धरून १७.६ घनसेंमी होतात, उरलेल्या २७१ घनसेंमीमध्ये ३५७ ग्रॅम माती म्हणजे घनता १.३२, आणि तिला ०.९३९ ने गुणले की पुन्हा १.२४. गडबड होते ती दोन रिती मिसळल्याने. कोणी १.३२ घेऊन गुणक विसरतो, कोणी १.२४ घेऊन वर पुन्हा खडे वजा करतो. मी नेहमी बारीक मातीचे वजन भागिले संपूर्ण रिंगचे आकारमान एवढेच करतो, कारण त्यात खड्यांची घनता अंदाजाने धरावी लागत नाही आणि नंतर काहीही वजा करायचे उरत नाही.

खडे वेगळे करण्याचे काम काळ्या मातीत वाटते तितके सोपे नसते. ओव्हनमधून काढलेली ही माती विटेच्या तुकड्यासारखी कडक होते आणि चाळणीवर जे उरते त्यातला बराच भाग खडे नसून ढेकळे असतात. ती खडे म्हणून तोलली तर बारीक माती कमी भरते. उलट बाजूने, ढेकळे फोडण्यासाठी खलात जोरात कुटले तर चुनखडीचे मऊ खडेही भुकटी होऊन चाळणीखाली जातात. म्हणून रिंगमधल्या मातीचे एकूण कोरडे वजन घेतल्यावर ती रात्रभर पाण्यात भिजवावी आणि सकाळी २ मिमीच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवावी. ढेकळे विरघळून वाहून जातात आणि चाळणीवर पांढुरके, खडबडीत खडे आणि थोडी मुळे उरतात. मुळे वेचून काढावीत, खडे सुकवून तोलावेत. तुमचे २६ आणि ४४ ग्रॅम असे धुऊन आलेले असतील तर त्यांवर विसंबता येईल. कोरडेच चाळून आलेले असतील तर एकदा पुन्हा पाहा. कर्बाच्या नमुन्यासाठी मात्र माती हवेत वाळवून लाकडी मोगरीने हलकेच फोडायची असते, धुवायची नाही.

दुसरी चूक ओलाव्याची आहे. घनता काढताना माती १०५ अंश सेल्सिअसला पूर्ण कोरडी केलेली असते, पण वॉकली-ब्लॅकसाठी तोललेला एक ग्रॅम हवेत वाळवलेल्या मातीचा असतो. वाळूमिश्रित हलक्या जमिनीत या दोन्हींत फारसा फरक पडत नाही, परंतु चिकणमाती जास्त असलेली काळी माती हवेत वाळल्यावरही पाच-सहा टक्के, कधी त्याहून जास्त पाणी धरून ठेवते. याचा अर्थ त्या एका ग्रॅममध्ये खरी कोरडी माती कमी होती आणि टक्केवारी तेवढी कमी दिसली. तुमच्या नोंदीत हा ओलावा नाही. त्याच नमुन्यातली दहा-वीस ग्रॅम माती ओव्हनमध्ये सुकवून तो काढता येईल. इथे मी तो कोरड्या वजनाच्या ६ टक्के धरतो. मग ०.६८ चे ०.७२ आणि ०.५१ चे ०.५४ होतात.

आता वरचा थर ०.७२ × १.२० × १५ म्हणजे १२.९६ टन आणि खालचा थर ०.५४ × १.२४ × १५ म्हणजे १०.०४ टन, मिळून हेक्टरी २३.० टन. खड्यांनी तुमचा आकडा वर नेला होता, ओलाव्याने खाली आणला होता. खडे नसलेल्या शेजारच्या शेतात नुसती ओलाव्याची चूक उरली असती आणि साठा ६ टक्क्यांनी कमी दिसला असता.

सरांच्या १.३ चा प्रश्न यांहून मोठा आहे, कारण त्याने एका फटक्यात तीस टक्के फरक पडतो. वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ च्या मूळ पद्धतीत बाहेरून उष्णता देत नाहीत. सल्फ्युरिक आम्ल मिसळल्यावर जी उष्णता निर्माण होते तेवढ्यावरच डायक्रोमेट कर्बाचे ऑक्सिडीकरण करते. त्यामुळे सगळा कर्ब जळत नाही, सरासरीने ७७ टक्क्यांच्या आसपास जळतो असे धरतात, आणि उरलेला भरून काढायला १.३ चा गुणक आहे. सरांचे म्हणणे तत्त्वतः योग्य आहे. मात्र तो गुणक प्रयोगशाळेने आधीच लावला आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुन्हा लावता येत नाही, आणि तुम्ही वहीतले रीडिंग दिलेत हे फार बरे केलेत.

एक ग्रॅम माती, १० मिली एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, ब्लँकला फेरस अमोनियम सल्फेट २० मिली आणि नमुन्याला १६.५ मिली. फरक ३.५ मिली. १० ला ३.५ ने गुणून २० ने भागले की १.७५ मिली डायक्रोमेट खर्च झाले असे निघते. एक मिली डायक्रोमेट म्हणजे ०.००३ ग्रॅम कर्ब, म्हणून ०.००५२५ ग्रॅम, म्हणजे ०.५२५ टक्के. याला १.३ ने गुणले की ०.६८ येतात. तुमच्या अहवालातला आकडा नेमका हाच आहे, तेव्हा गुणक लागलेला आहे आणि ३०.९ टन हा आकडा सोडून द्यावा. वहीत रीडिंग नसेल तर प्रयोगशाळेला त्यांचे सूत्र विचारावे: त्यात ०.००३ असेल आणि पुढे काही नसेल तर गुणक लावायचा राहिला आहे, ०.००३९ असेल तर तो सूत्रातच मिसळलेला आहे. अहवालावर 'सेंद्रिय पदार्थ' असे लिहिले असेल तर आणखी सावध राहावे, कारण तो आकडा कर्बाला १.७२४ ने गुणून काढतात आणि तो कर्ब समजून वापरला तर साठा जवळजवळ पावणेदोनपट होतो.

हा १.३ प्रत्येक जमिनीत खरा नसतो, तो सरासरीचा गुणक आहे. तरीही एकाच शेताची तीन वर्षांच्या अंतराने तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा तीच पद्धत आणि तोच गुणक ठेवणे महत्त्वाचे. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ज्वलन यंत्रावर एकूण कर्ब मोजून देऊ केला, तर तुमच्या जमिनीत तो तसाच घेऊ नका. यंत्र चुनखडीतला कर्बही मोजते. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये १२ टक्के कर्ब असतो. बारीक मातीत ८ टक्के चुना असेल तर ०.९६ टक्के अजैविक कर्ब झाला, म्हणजे तुमच्या सगळ्या सेंद्रिय कर्बाहून जास्त. आम्लाने चुना आधी काढून टाकलेला असला किंवा तो वेगळा मोजून वजा केलेला असला तरच तो आकडा उपयोगाचा. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फसफसले की ही काळजी घ्यावी लागणार हे शेतातच कळते.

आता रिंग शेतात कधी आणि कशी घेतली याविषयी, कारण माझ्या अनुभवात काळ्या जमिनीतल्या सर्वांत मोठ्या चुका इथे होतात. ही जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे तिची घनता ठरीव नसते. सुरुवातीच्या काळात आमच्या गटाने एका शेतात मे महिन्यात रिंगा घेतल्या होत्या. भेगांत हात जात होता, आणि रिंग नीट बसावी म्हणून आम्ही ती दोन भेगांच्या मधल्या घट्ट भागात ठोकली. घनता १.६ च्या वर गेली. त्याच जागी पावसाळ्यानंतर वाफशावर घेतलेल्या रिंगा १.३ च्या आसपास आल्या. मे महिन्यातला आकडा रिंगमधल्या मातीपुरता खरा होता, पण तो पूर्ण हेक्टरला लावताना आम्ही भेगांची रिकामी जागाही घट्ट मातीने भरलेली धरत होतो. त्या एका कारणाने साठा वीस टक्क्यांहून जास्त फुगला होता, आणि कर्बाच्या टक्केवारीत काहीच चूक नव्हती. तेव्हापासून मी काळ्या जमिनीत वाफशावरच रिंग घेतो: भेगा मिटलेल्या असतात आणि माती रिंगला चिकटत नाही. पहिल्या वर्षी वाफशावर घेतली असेल तर तिसऱ्या वर्षीही तशाच ओलाव्यावर घ्या आणि प्रत्येक वेळी त्या मातीचा ओलावा वहीत लिहा.

रिंग ठोकल्यावर वर काढण्याआधी आतली आणि बाहेरची मातीची पातळी एकच आहे का ते पाहावे. आतली पातळी खाली गेली असेल तर माती दाबली गेली आहे. ती रिंग टाकून शेजारी दुसरी घ्यावी. तुमची रिंग ७.५ सेंमी उंच आहे, म्हणून १५ सेंमीच्या थराच्या मध्यावर एक घेण्याऐवजी एकाखाली एक अशा दोन घेतल्या तर पूर्ण थर मोजला जातो. वरचे चार-पाच सेंटिमीटर वखराने भुसभुशीत झालेले असतात आणि मधली एक रिंग ते पकडत नाही. सुकवताना चोवीस तासांवर थांबू नये. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवावे, काळ्या मातीला दोन दिवस लागू शकतात.

शेवटचा मुद्दा तीन वर्षांनंतरच्या मोजणीचा. ठरावीक खोलीचा हिशेब एका वेळेच्या साठ्यासाठी ठीक असतो, पण बदल मोजताना तो फसवू शकतो. समजा, तुम्ही नांगरट थांबवली, जमीन थोडी बसली, आणि तीन वर्षांनी दोन्ही थरांत बारीक मातीची घनता १.३० आली, पण टक्केवारी तीच राहिली, ०.७२ आणि ०.५४. ३० सेंमीचा हिशेब १४.०४ अधिक १०.५३, म्हणजे २४.५७ टन देईल. कागदावर हेक्टरी १.५७ टनांची वाढ दिसेल, आणि ४४ भागिले १२ ने गुणून ती कार्बन डायऑक्साइडमध्ये मांडली तर ५.८ टन. प्रत्यक्षात टक्केवारी मुळीच वाढलेली नाही. जमीन बसल्यामुळे पूर्वी ३० सेंमीच्या खाली असलेली थोडी माती आता ३० सेंमीच्या आत आली आहे आणि तिचा कर्ब तुमच्या खात्यात जमा झाला आहे.

म्हणून तुलना समान खोलीची न करता समान वजनाच्या मातीची करायची. पहिल्या मोजणीत ३० सेंमीमध्ये बारीक माती १,८०० अधिक १,८६०, म्हणजे हेक्टरी ३,६६० टन होती. दुसऱ्या मोजणीत ती ३,९०० टन आहे. जास्तीची २४० टन माती खालच्या बाजूने वजा करायची, १.३० घनतेला ती साधारण १.८५ सेंमी जाडीची होते. तिच्यातला कर्ब ०.५४ टक्क्यांप्रमाणे १.३० टन. तो वजा केला की २३.२७ टन उरतात आणि वाढ १.५७ वरून ०.२७ टनावर येते.

हा पाव टनसुद्धा वाढ म्हणून लिहू नये. एका शेतात जागोजागी कर्बाच्या टक्केवारीत दहा टक्के आणि घनतेत पाच टक्के चढउतार धरला, तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतल्यावर अनिश्चितता ११ टक्के येते, म्हणजे तुमचा साठा २३ टन अधिक-वजा अडीच टन. एकाच जागेच्या रिंगवर विसंबून ही मर्यादा कमी होत नाही. शेताचे उताराप्रमाणे दोन-तीन भाग पाडून प्रत्येक भागात निदान पाच जागी माती आणि रिंग दोन्ही एकाच खड्ड्यातून घ्याव्यात, त्या जागांची जीपीएस नोंद ठेवावी आणि तीन वर्षांनी तिथून एक-दोन मीटरच्या अंतरात पुन्हा घ्याव्यात. तसे केले तर फरकाची अनिश्चितता एकेका साठ्याच्या अनिश्चिततेपेक्षा बरीच कमी करता येते.

याच्या उलटही घडू शकते. तिसऱ्या वर्षी जमीन नुकतीच नांगरलेली आणि फुगलेली असेल तर ३० सेंमीमध्ये ३,६६० टन माती भरणारच नाही, आणि तूट भरून काढायला ३० सेंमीच्या खालच्या थराचा कर्ब आणि घनता लागेल. तो थर आज मोजलेला नसेल तर दुसऱ्या मोजणीतल्या तुटीची शहानिशा करायला तुमच्याकडे पायाभूत आकडा राहणार नाही. म्हणून पुन्हा वाफसा येईल तेव्हा त्याच खड्ड्यांतून ३० ते ४० सेंमीचा एक थर आताच काढून ठेवा.